पाऊल नेमकं कुठून वाजलं?

सिनेमात पाऊस मागच्या स्पीकरमधून पडला काय, नुसता समोरून पडला काय, कथेचं काही बिघडत नाही. दिग्दर्शकाला प्रेक्षकाची नजर पडद्यावर हवी असते, म्हणून मागचे स्पीकर तो बेताबेतानंच वापरतो. गेमचं तसं नाही. डाव्या अंगाला, थोडं मागून, पावलं वाजली की वळायचं असतं. वळलं की तीच पावलं समोर ऐकू यायला हवीत, कारण कॅमेरा फिरेल तसा गेम दर क्षणाला हिशोब करून आवाज पाच स्पीकरमध्ये नव्यानं वाटत असतो. हा हिशोब एका गृहीतावर चालतो: पाचही स्पीकर खेळणाऱ्यापासून सारख्या अंतरावर आहेत आणि सारखेच मोठ्यानं वाजतात. आपल्या हॉलमध्ये दोन्ही गोष्टी खोट्या असतात. रिसीव्हरमधल्या ‘डिस्टन्स’ आणि ‘लेव्हल’ या दोन पानांचं काम म्हणजे हे खोटं गृहीत खरं करून दाखवणं.

पाच स्पीकर म्हणजे समोर डावा, उजवा, मधला सेंटर आणि बाजूचे दोन सराउंड. ‘पॉइंट वन’ हा फक्त खालच्या स्वरांचा वेगळा चॅनेल, जो सबवूफरकडे जातो. टॉमलिन्सन होलमन या ध्वनितज्ज्ञानं १९८७ साली हे नाव सुचवलं ते सिनेमासाठी. पुढे २००१ साली पहिला एक्सबॉक्स आला आणि खेळता खेळता ५.१ आवाज तयार करून डॉल्बी डिजिटलमध्ये बाहेर पाठवू लागला. आजचे कन्सोल एचडीएमआयमधून पाच-सहा चॅनेल न दाबता, म्हणजे पीसीएम स्वरूपात, सरळ पाठवतात. मोजपट्टी हातात घेण्याआधी ते तसे खरोखर पोचताहेत का, हे बघून घ्यावं.

पुष्कळ घरांत कन्सोल टीव्हीला जोडलेला असतो आणि टीव्हीतून एआरसीच्या वायरीनं आवाज रिसीव्हरकडे जातो. साध्या एआरसीतून पीसीएम दोनच चॅनेलचं जातं. पाच हवे असतील तर कन्सोलला आवाज डॉल्बीत बांधावा लागतो, रिसीव्हरला तो सोडवावा लागतो, आणि या बांधाबांधीत वेळ जातो. ट्रिगर दाबल्यावर गोळीचा आवाज किंचित मागे राहतो तो यामुळे. ईएआरसीत ही अडचण नाही, तरी कन्सोल थेट रिसीव्हरला आणि रिसीव्हर टीव्हीला ही जोडणी सर्वांत बिनत्रासाची. (रिसीव्हर जुना असेल तर तो ४के १२० हर्ट्झ चित्र पुढे सोडणार नाही. तेव्हा ईएआरसीच बरी.) प्लेस्टेशन ५ मध्ये आवाजाच्या सेटिंगमध्ये उपकरण म्हणून AV Amplifier निवडायचं, चॅनेल ५.१ आणि प्राधान्य Linear PCM. एक्सबॉक्समध्ये 5.1 uncompressed, आणि निंटेंडो स्विचमध्ये TV Sound ला Surround. मग रिसीव्हरच्या डिस्प्लेवर किती चॅनेल येताहेत ते पाहायचं. तिथे दोनच दिसत असतील आणि तरी पाचही स्पीकर वाजत असतील, तर रिसीव्हर स्वतःच्या मनानं आवाज पसरवतो आहे. त्यावर कितीही मोजमाप केलं तरी मागचा शत्रू मागे सापडणार नाही.

आता प्रत्यक्ष जागा. ठाण्यातल्या एका मित्राच्या टू बीएचकेचा हॉल घेऊ, कारण असे हॉल सगळीकडे आहेत: रुंदी १० फूट, लांबी १२ फूट, टीव्ही अरुंद भिंतीवर मधोमध, आणि मागच्या बाजूला उजवीकडे डायनिंग टेबलासाठी काढलेला खोबा, म्हणजे हॉल इंग्रजी ‘एल’सारखा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. दोन्ही सराउंड इलेक्ट्रिशियननं मागच्या भिंतीच्या कोपऱ्यांत छताजवळ ठोकलेले, वायर केसिंग-पट्टीतून नीटनेटकी नेलेली. दिसायला उत्तम. पण खेळताना मागून काही आलं की ते डावीकडून की उजवीकडून, एवढंच कळायचं. सगळे शत्रू पोटमाळ्यावर राहत असल्यासारखे.

पहिलं काम सोफ्याचं. कान भिंतीला टेकलेले असले की भिंतीवरून उलटलेला आवाज मूळ आवाजाच्या अंगावर येतो, खालचे स्वर फुगतात आणि सराउंडला मागे जायला जागाच उरत नाही. सोफा दोन फूट पुढे ओढला. बसल्यावर कान टीव्हीच्या भिंतीपासून ९ फुटांवर आले आणि पाठीमागे ये-जा करण्यापुरती वाट राहिली. घरातल्यांनी कुरकुर केली, पण मागून झाडू मारता येतो हे कळल्यावर ती थांबली.

समोरचे दोन स्पीकर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मध्यरेषेपासून ३०-३० अंशांवर हवेत. कोन मोजायला फोनमधलं होकायंत्र वापरू नये. लोखंडी कपाट आणि स्पीकरमधलं चुंबक त्याला भलतीकडे नेतात. मोजपट्टी पुरते. ३० अंश म्हणजे कानापासून पुढे जाताना दर फुटामागे सात इंच बाजूला. स्पीकर भिंतीपासून एक फूट पुढे ठेवले, म्हणजे समोरचं अंतर ८ फूट, आणि बाजूला ५६ इंच सरकायचं. पण हॉलची अर्धी रुंदीच ६० इंच. स्पीकर बाजूच्या भिंतीला चार इंचांवर येऊन चिकटले असते. अशा वेळी कोनाचा हट्ट सोडावा. आम्ही २५ अंशांवर, मध्यापासून पावणेचार फुटांवर थांबलो. समोरचं चित्र थोडं अरुंद झालं, पण दोन्ही बाजू सारख्या राहिल्या, आणि गेममध्ये सारखेपणा रुंदीपेक्षा जास्त कामाचा. स्पीकरचा ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून सव्वातीन फुटांच्या आसपास, आणि तोंड किंचित आपल्याकडे वळवलेलं.

सेंटर टीव्हीखाली युनिटवर गेला. तो कप्प्यात आत ढकलून ठेवायची सवय असते. कडेला आणून ठेवावा, नाहीतर फळीवर आपटून आवाज घोगरा होतो. मागे नव्हे, पुढच्या बाजूला खाली रबराचा तुकडा सारून तोंड कानाकडे वर करावं.

खरा प्रश्न सराउंडचा. शिफारस आहे १०० ते १२० अंशांची, म्हणजे कानांच्या रेषेपासून जरासं मागे, पाठीमागच्या भिंतीवर मुळीच नाही. मधला ११० अंशांचा कोन धरला तर हिशोब सोपा: बाजूला दर फुटामागे साडेचार इंच मागे. डाव्या भिंतीवर ब्रॅकेट ठोकल्यावर स्पीकर कानापासून बाजूला साडेचार फूट आला, तेव्हा मागे वीस इंच. उजवीकडे भिंत नाही, खोबा आहे. तिथे डायनिंग टेबलाच्या कडेला स्टँड उभा केला: बाजूला ६ फूट, मागे सव्वादोन. कोन दोन्हीकडे सारखा, अंतर वेगळं. हे चालतं. कोन चुकला तर रिसीव्हर तो दुरुस्त करू शकत नाही, अंतर मात्र करू शकतो. म्हणून जागेची तडजोड करायचीच असेल तर अंतरात करावी. उंची कानाइतकी किंवा फार तर फूटभर वर, सोफ्याची पाठ आणि शेजारी बसलेल्याचं डोकं आड येणार नाही इतपत. सिनेमासाठी सराउंड याहून वर लावतात, कारण तिथे ते वातावरणापुरते असतात. गेममध्ये आवाज माणसाच्या उंचीवरून आलेला बरा.

मग मोजपट्टी. डोकं जिथे असतं तिथून प्रत्येक स्पीकरच्या समोरच्या जाळीपर्यंत, सरळ हवेतून. या हॉलमध्ये डावा आणि उजवा प्रत्येकी ८.८ फूट, सेंटर ८.२, डावा सराउंड ४.८, उजवा सराउंड ६.४. हे आकडे रिसीव्हरच्या ‘डिस्टन्स’च्या पानावर भरले की तो जवळच्या स्पीकरला तेवढा वेळ थांबवून ठेवतो. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, म्हणजे एका फुटाला एक मिलिसेकंदापेक्षा थोडं कमी. डावा सराउंड समोरच्या स्पीकरपेक्षा चार फूट जवळ आहे, तेव्हा तो साडेतीन मिलिसेकंद रोखला जातो.

एवढ्याशा वेळानं काय होणार, असं वाटतं. पण आपला कान दिशा ठरवताना आधी आलेल्या आवाजाच्या बाजूनं झुकतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट हास यानं १९४९ साली अशा उशिरा येणाऱ्या आवाजावर प्रयोग केले आणि आजही त्याच्या नावानं हा परिणाम ओळखला जातो. मागून येणारा आवाज काही मिलिसेकंद उशिरा आला तर कान त्याला वेगळा आवाज मानत नाही, पहिल्यातच मिसळून टाकतो आणि दिशा पहिल्याची धरतो. समोरून डावीकडे धावत जाणारा शत्रू दोन्ही स्पीकरमध्ये अर्धा-अर्धा वाटलेला असताना सराउंडचा अर्धा आधी पोचला, तर शत्रू वाटेतून गडप होऊन एकदम खांद्याशी उगवतो. अंतराचे आकडे खरे भरले की ही उडी जाते.

आता लेव्हल. रिसीव्हरमध्ये टेस्ट टोन असतो, धबधब्यासारखा ‘खस्स’ आवाज, एकेका स्पीकरमधून आळीपाळीनं येणारा. डोक्याच्या जागी ध्वनिमापक ठेवून सगळे एका आकड्यावर आणायचे. सिनेमावाले ७५ डेसिबल धरतात. मापक सी-वेटिंगवर आणि संथ गतीवर ठेवतात. आपल्याला ७५च हवे असं काही नाही, सगळे सारखे हवेत. स्वतंत्र मापक नसेल तर फोनमधलं ॲप या पाच स्पीकरांपुरतं चालतं, कारण इथे खरा आकडा नको, फरक हवा. फोन हातात धरू नये. स्टूलवर पुस्तकं रचून कानाच्या उंचीला आणावा आणि आपण बाजूला व्हावं, नाहीतर आपलंच अंग सराउंडला आड येतं.

ठाण्याच्या हॉलमध्ये समोरचे दोन्ही ७५ वर होते, सेंटर ७६, डावा सराउंड ७९, उजवा ७७. कागदावरच्या गणिताप्रमाणे डावा सराउंड नुसत्या जवळिकीनं पाच डेसिबलहून थोडा जास्त चढायला हवा होता. चढला चार, कारण बंद खोलीत भिंती लांबच्या स्पीकरलाही मदत करतात. म्हणूनच गणितावर न थांबता मोजायचं. सेंटरला उणे १, डाव्या सराउंडला उणे ४, उजव्याला उणे २ दिलं आणि पाचही ७५ वर आले. इथे एक मोह होतो: मागचं अजून ऐकू यावं म्हणून सराउंड तीन-चार डेसिबल वाढवायचे. माझा त्याला विरोध आहे. वाढवलेला सराउंड अंतराचा अंदाज बिघडवतो; लांबचा माणूस जवळ वाटतो आणि आपण रिकाम्या भिंतीवर गोळ्या घालतो.

हे सगळं रिसीव्हरचा छोटा मायक्रोफोन स्वतःही करतो. ऑडिसी, यामाहाचं वायपाओ, डिराक अशी त्या पद्धतींची नावं आहेत. मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीवर न ठेवता ट्रायपॉडवर कानाच्या जागी ठेवला आणि पंखा, एसी, मिक्सर बंद ठेवले, तर अंतर आणि लेव्हल ही यंत्रणा बहुधा चांगली काढते. पंखा विसरतोच माणूस. पण ती संपल्यावर दोन गोष्टी हातानं पाहाव्यात. एक, स्पीकर Large की Small. समोरचे जरा मोठे असले की यंत्रणा त्यांना Large ठरवून मोकळी होते आणि त्यांचे खालचे स्वर सबवूफरकडे जातच नाहीत. सगळे Small करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवावा, म्हणजे त्याखालचं सगळं सबवूफर सांभाळतो. मुठीएवढे सॅटेलाइट असतील तर १२० किंवा १५०; मात्र मग सबवूफर कुठे आहे ते कानाला कळू लागतं, म्हणून तो समोरच हवा. दुसरी गोष्ट सबवूफरची लेव्हल. तिथे उणे १२, म्हणजे पट्टीचं टोक दिसलं, तर यंत्रणेला अजून खाली जायचं होतं आणि जागा संपली. सबवूफरच्या पाठीवरचं व्हॉल्यूमचं बटण खाली करून पुन्हा मोजावं. त्याच पाठीवर क्रॉसओव्हरचं बटण असतं, ते पूर्ण वर किंवा LFE वर ठेवावं, नाहीतर दोन चाळण्या एकामागे एक लागून मधले स्वर गळतात.

सबवूफरचं अंतर बघून बहुतेक जण बिचकतात. मोजपट्टी साडेआठ फूट सांगत होती, रिसीव्हरनं लिहिलं १२. हे चुकलेलं नाही. सबवूफरच्या आतल्या ॲम्प्लिफायर आणि फिल्टरमधून जाताना आवाजाला उशीर होतो, आणि रिसीव्हर तो उशीर फुटांत मांडतो. साडेतीन फूट म्हणजे तीन मिलिसेकंद. हा आकडा ‘दुरुस्त’ करायला जाऊ नये.

त्याची जागा मात्र यंत्रणा ठरवू शकत नाही. खालच्या स्वरांच्या लाटा खोलीएवढ्या लांब असतात. १० फूट रुंदीत साधारण ५६ हर्ट्झचा स्वर भिंतींपाशी दणदणतो आणि मधोमध बसलेल्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. मित्राकडे सबवूफर डाव्या कोपऱ्यात होता, आणि स्फोट दणकेबाज वाजत असताना गाडीच्या इंजिनाची घरघर मध्येच नाहीशी व्हायची. उपाय जुना आणि हास्यास्पद दिसणारा आहे: सबवूफर उचलून सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, त्यावर इंजिनाचा लांबलचक आवाज लावायचा आणि आपण गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेनं फिरायचं. जिथे घरघर सर्वांत एकसारखी ऐकू येईल, तिथे सबवूफर. आमच्याकडे ती जागा टीव्ही युनिटच्या उजवीकडे, भिंतीच्या साधारण एक तृतीयांशावर निघाली. जागा बदलली की मोजमाप पुन्हा, हे ओघानं आलंच. खालच्या मजल्याचं म्हणाल, तर रबराच्या पायांनी फर्निचरची थरथर कमी होते. स्लॅबमधून खाली जाणारा दणका फारसा थांबत नाही. रात्री सबवूफर सहा डेसिबल उतरवणं हाच शहाणपणा.

सगळं झाल्यावर खरी परीक्षा गेममध्येच. एका जागी स्थिर वाजणारं काही शोधावं: शेकोटी, धबधबा, टेबलावरचा रेडिओ. त्यापासून दोन-तीन पावलांवर उभं राहावं, पार्श्वसंगीत बंद करावं आणि उजव्या स्टिकनं कॅमेरा अगदी सावकाश गोल फिरवावा. शेकोटी आपल्याभोवती त्याच मोठेपणानं फिरली पाहिजे. एका बाजूला फुगली तर त्या स्पीकरची लेव्हल चढी आहे. समोरून बाजूला जाताना उडी मारली तर अंतर चुकलं आहे. उजवीकडे वळल्यावर ती डावीकडे जायला हवी. उलटी गेली तर वायरींची अदलाबदल झालेली आहे, आणि हे वाटतं त्याहून जास्त घरांत सापडतं. समोर असताना ती एका ठिकाणी न ठरता डोक्याभोवती धूसर पसरली आणि आवाजातला भरीवपणा गेला, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. मागची बाजू सारखी जड वाटत असेल, तर रिसीव्हरमध्ये Dynamic EQ सारखं काही चालू आहे का ते पाहावं. कमी आवाजात ते खालच्या स्वरांबरोबर सराउंडही स्वतःहून वाढवतं. ‘स्टेडियम’, ‘गेम’ अशा नावांचे साउंड मोड बंदच ठेवावेत, ते प्रत्येक पावलाला प्रतिध्वनी जोडतात. आणि गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ‘हेडफोन’ऐवजी ‘होम थिएटर’ निवडलं आहे याची खात्री करावी.

एक दोष मात्र या परीक्षेत राहणारच. शेकोटी समोरच्या डाव्या आणि डाव्या सराउंडच्या मधोमध, म्हणजे साधारण ७० अंशांवर आली की थोडी डळमळते. समोरच्या दोन स्पीकरांमध्ये कान आवाज नेमका बसवतो, कारण एक स्पीकर एका कानाच्या बाजूला, दुसरा दुसऱ्या. बाजूचे दोन्ही एकाच कानाच्या अंगाला असतात, त्यामुळे तिथे तो गोंधळतो. ही ५.१ची मर्यादा आहे, सेटिंगची चूक नव्हे. त्यासाठी रात्रभर आकडे हलवत बसू नये. त्या दिशेला आवाज आला की स्टिक थोडी वळवून घ्यावी, तो समोरच्या टप्प्यात येतो.

दोघं शेजारी बसून खेळणार असतील तर हे सारं एकाच डोक्यासाठी मोजलेलं आहे हे ध्यानात ठेवावं. डावीकडे सरकलेला खेळाडू डाव्या सराउंडच्या आणखी दीड-दोन फूट जवळ जातो आणि त्याला सगळं त्या बाजूनं येतंय असं वाटतं. मित्राच्या घरी हा वाद होताच, धाकटा नेहमी डावीकडे बसायचा. आम्ही रिसीव्हरच्या दुसऱ्या प्रीसेटमध्ये मोजमाप दोघांच्या मधल्या जागेवर घेऊन ठेवलं आणि डावा सराउंड आणखी दीड डेसिबल उतरवला. दोघांनाही पूर्ण अचूक मिळत नाही, पण पाठीमागचा माणूस दोघांनाही पाठीमागेच ऐकू येतो. स्प्लिट स्क्रीनवर तर गेम दोन खेळाडूंचे आवाज एकाच पाच स्पीकरांत कालवतो, तिथे दिशा शोधायची अपेक्षाच करू नये.